सावली आखूड झाली की बाळ आत

"डॉक्टरबाई, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. माझी मुलगी आता साडेचार महिन्यांची आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, महालक्ष्मीची यात्रा आहे. बऱ्याच वर्षांनी भरते, त्यामुळं जाणं चुकवता येत नाही. तेव्हा लेक पाच महिन्यांची असेल. पुण्याच्या नणंदेनं लहान मुलांचं म्हणून ५० एसपीएफचं सनस्क्रीन पाठवलंय आणि बाहेर नेताना सगळ्या अंगाला लाव म्हणते. सासूबाई म्हणतात असलं काही लावायचं नाही, उन्हानं हाडं घट्ट होतात. त्या रोज नऊ वाजता तेल लावून तिला अंगणात उघडी निजवतात. शेजारीण म्हणते, बेळगावचं ऊन ते काय ऊन, हवा तर गार असते. सनस्क्रीन लावू की नको? आणि यात्रेच्या दिवशी तिला कसं सांभाळू? सांगा की."
— एक आई, वडगाव

सगळ्या अंगाला लावू नका. बाटली फेकूनही देऊ नका, पिशवीत असू द्या. पाच महिन्यांच्या बाळासाठी सनस्क्रीन ही हाताशी ठेवायची, पण शक्यतो वापरायची वेळ येऊ न द्यायची वस्तू आहे. वेळ आलीच तर कुठं आणि किती लावायचं ते पुढं सांगते. आधी तुमच्या घरातल्या तिघींचं बघू, कारण तिघींच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे.

नणंदबाई काळजीपोटी सांगतात, पण त्यांनी सांगितलेला नियम मोठ्या मुलांचा आहे. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानानं ती फार पसरलेली असते. किलोमागं किती कातडी असा हिशेब काढला तर बाळाची मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजे अंगभर काही चोपडलं तर त्यातलं आत शिरणारं प्रमाणही तिच्या छोट्या शरीराला जास्त होतं. आत शिरतं हे खरंच, कारण २०१९ आणि २०२० साली अमेरिकेच्या औषध खात्यानं, म्हणजे एफडीएनं, मोठ्या माणसांना रासायनिक सनस्क्रीन लावून त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातली द्रव्यं रक्तात सापडली. त्यानं अपाय होतो असं त्यात सिद्ध झालेलं नाही आणि मोठ्यांनी घाबरून सनस्क्रीन सोडावं असंही नाही. पण पाच महिन्यांच्या पोरीला अंगभर लावायच्या आधी हात आखडावा एवढं कारण मला त्यात दिसतं. शिवाय या वयात बाळाची मूठ सदा तोंडात असते. हाताला लावलेलं सगळं पोटात जातं.

शेजारणीचं म्हणणं तर आपल्याकडं प्रत्येक घरात ऐकू येतं. बेळगावची हवा गार असते हे कबूल, संध्याकाळी वळीव झाला तर मे महिन्यातही अंगावर शहारा येतो. पण कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेनं नव्हे, त्यातल्या अतिनील किरणांनी, आणि ते किरण ना डोळ्यांना दिसतात ना अंगाला जाणवतात. गार वाऱ्यानं ते कमी होत नाहीत. वाऱ्यामुळं आपल्याला चटका कळत नाही इतकंच, आणि म्हणून आपण उन्हात जास्त वेळ काढतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर अतिनील किरण किनाऱ्यापेक्षा थोडे जास्तच असतात. आणि तुमची यात्रा नेमकी मेच्या पहिल्या आठवड्यात येते. त्या दिवसांत भरदुपारी सूर्य बेळगाव-खानापूरच्या अगदी डोक्यावर असतो, इतका की उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच जिरते. वर्षातलं हे सर्वांत कडक ऊन. पातळ ढग आले म्हणूनही फारसा फरक पडत नाही, त्यातून बरेच किरण खाली येतातच.

आपल्याकडचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारा वाजता होत नाही. भारताची वेळ आपल्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेषेवर लावलेली आहे, त्यामुळं बेळगावात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला. म्हणून घड्याळापेक्षा सावली बघायची सवय लावून घ्या. अंगणात उभं राहा. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन तिरपं आणि त्या मानानं सौम्य, आखूड असेल तर ऊन जाळणारं. मेच्या सुरवातीला आपल्याकडं सकाळी साडेनऊच्या आसपास सावली उंचीएवढी होते आणि मग दुपारी साडेतीनपर्यंत आखूडच राहते. बाळासाठी मी दोन्ही बाजूंनी आणखी तासाभराचं अंतर ठेवते. म्हणजे सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर तिला मोकळ्यावर न्यायला हरकत नाही. मधल्या वेळेत आत.

आता सासूबाईंचं. हाडांसाठी ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हानं कातडीत तयार होतं, हे त्यांचं बरोबर आहे. गोची पुढंच आहे. ते तयार करणारे किरण आणि भाजणारे किरण बहुतेक एकच आहेत. सावली लांब असते त्या कोवळ्या उन्हात ते हवेतच विरतात, म्हणून सात-साडेसातचं ऊन बाळाला सुखाचं असलं तरी त्यातून ड जीवनसत्त्व जेमतेमच मिळतं. ते भरपूर मिळावं म्हणाल तर सावली आखूड असताना पोरीला उघडी निजवायला लागेल, आणि ते आपल्याला नकोय. नऊची वेळ आहे ती मधलीच, डिसेंबरात एक वेळ ठीक, मेमध्ये नाही. मग हाडांचं काय? त्याला थेंब आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतर लवकरच सुरू करून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० आययू ड जीवनसत्त्व द्यावं, असं भारतातली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. कारण आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी हे फार थोडं उतरतं. तुमच्या पत्रात थेंबांचा उल्लेख नाही, म्हणून विचारते, देताय ना? देत असाल तर बाटलीवर एका मिलीलिटरमध्ये किती आययू ते वाचा. काही बाटल्यांत ४०० असतात तर काहींत ८०० असतात, आणि बाटली बदलली की ड्रॉपरची जुनी खूण चालत नाही. माझ्याकडं अशी दुप्पट डोस गेलेली बाळं येतात. चूक कुणाचीच नसते, दुकानदारानं दुसरी कंपनी दिलेली असते एवढंच.

सासूबाईंशी यावरून भांडू नका. तेल-अंघोळीची वेळ साडेसातची करा म्हणावं, दहा मिनिटं अंगणात निजवा, डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी मान फिरवून. त्यांचं मन राहतं आणि बाळाचं काही बिघडत नाही. तेलानं ऊन अडतं असं मात्र समजू नका. खोबरेल असो की बदाम, ते मालिशसाठी आहे. आणि उटण्यात लिंबू पिळत असाल तर ते बंद करा. लिंबाचा रस अंगावर राहून त्यावर ऊन पडलं तर कातडीवर फोड आणि मग महिनोन् महिने न जाणारे काळे डाग उठतात.

यात्रेच्या दिवसाकडं येऊ. मला तुमच्या लेकीचं भाजण्यापेक्षा तापण्याचं भय जास्त वाटतं, हे आधी स्पष्ट सांगते. पाश्चात्त्य पुस्तकांत बाळाच्या उन्हाविषयी पहिल्या ओळीत कातडीचा कर्करोग येतो. आपल्या सावळ्या कातडीत तो धोका बराच कमी. पण तान्ह्या बाळाला घाम नीट येत नाही, ते स्वतः सावलीत सरकू शकत नाही, तहान लागली म्हणून सांगू शकत नाही. गर्दीत तासाभरात ते तापतं, आणि आईला वाटतं छान झोपलंय.

प्रवासापासून सुरू करू. मोटरसायकलवर मांडीत घेऊन जायचा विचार असेल तर सोडा. बसनं जा, सकाळी सातच्या आत निघा. बेळगावाहून खानापूर सरळ दक्षिणेला आहे, म्हणजे सकाळी जाताना ऊन बसच्या डाव्या बाजूनं येणार. तुम्ही उजवीकडं, ड्रायव्हरच्या बाजूला बसा. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडंच. दोन्ही वेळा उजवीच बाजू सावलीची. खिडकीच्या काचेनं जाळणारे किरण बरेच अडतात, पण सगळे नाहीत, आणि आपल्या बसच्या खिडक्या उन्हाळ्यात उघड्याच असतात. भाड्याची मोटार केलीत तर एक लक्षात ठेवा, ती उन्हात थांबली असताना बाळाला आत ठेवून कुणीही पाच मिनिटांसाठीसुद्धा उतरायचं नाही. काचा थोड्या खाली असल्या तरी.

माहेरी पोचलात की जागा आधीच हेरून ठेवा. जुनं कौलारू घर असेल तर सोपा किंवा माजघर यासारखी जागा नाही. भिंती जाड, कौलाखाली हवा खेळती, डोक्यावर पंखा. यात्रेसाठी घरापुढं मांडव घालतात, त्यात मात्र फरक करायला हवा. हिरव्या जाळीचा मांडव डोळ्यांना गार दिसतो, पण जाळी किती दाट त्यावर सगळं अवलंबून. विरळ जाळीतून अर्धंअधिक ऊन खाली येतं. पांढऱ्या पातळ कापडाचंही तेच. पत्र्याच्या शेडखाली उलट होतं, किरण पूर्ण अडतात पण दुपारी बारानंतर तिथं भट्टी असते. बाळाला यातलं काहीच नको. झाडाखाली बसायचं तर डेरेदार आंबा, चिंच किंवा वड बघा, आणि खोडाला लागून बसा. सावलीत बसून वर बघितलं आणि आभाळ भरपूर दिसत असेल, तर तेवढ्या आभाळातून विखुरलेले किरण बाळावर येत आहेत असं समजा. छत्रीखाली म्हणूनच अर्धीच राखण होते. सूर्याकडून अडलं तरी चारी बाजूंनी आभाळ उघडं असतं. रस्ता ओलांडण्यापुरती छत्री ठीक.

कपड्याबद्दल मला नव्या दुकानांतल्या हॅटपेक्षा आपली कुंची बरी वाटते. डोकं, कान आणि मान, तिन्ही झाकली जातात, आणि पाठीवर पडणारा पदर खांद्यांनाही सावली देतो. फक्त बारशाची खणाची, अस्तर लावलेली, जरीची कुंची नको. ती फोटोपुरती. एकेरी सुती कापडाची शिवून घ्या. कापड उजेडासमोर धरा, पलीकडची बोटं स्पष्ट दिसत असतील तर ते फार विरळ आहे. जुन्या धोतराचं दुपटं झोपायला मऊ, पण विरलं की उन्हाला जवळजवळ नसल्यासारखंच. अंगात सैल, लांब बाह्यांचं सुती झबलं आणि पायात पातळ लेंगा. फिक्या पांढऱ्यापेक्षा थोडा गडद रंग आणि घट्ट वीण किरणांना जास्त अडवते. लाळेनं किंवा घामानं झबलं ओलं झालं तर बदला, ओल्या सुती कापडातून ऊन जास्त आत जातं.

आणि झाकण्याचा अतिरेक नको. हे मी स्वतः चुकून शिकले. माझी थोरली चार महिन्यांची असताना लग्नाला गेलो होतो, ऊन लागू नये म्हणून मी तिच्या टोपलीवर माझी ओढणी पसरली होती. पातळ ओढणी, मला वाटलं हवा जाईल. पंधरा-वीस मिनिटांनी बघितलं तर आत पोरगी लालबुंद, मान चिंब, आणि आतली हवा फुंकर मारल्यासारखी गरम. मी त्या वेळी शिकून डॉक्टर झालेले होते, तरी डोक्यात आलं नाही. टोपली, बाबागाडी, मांडी, काहीही असो, बाळावरून कापड पांघरून हवा बंद करायची नाही. सावली बाळापासून लांब असावी, अंगाला चिकटून नव्हे. कांगारू पिशवीत छातीशी बांधलं असेल तर तुमची ऊब आणि तिची ऊब एकत्र होते. ती पिशवी दहा-पंधरा मिनिटांसाठी ठीक, दोन तासांसाठी नाही.

रथ ओढायची वेळ दुपारची असेल, तर त्या वेळी तिला आजीपाशी सोप्यात ठेवून तुम्ही एकट्या जाऊन या. देवीचं दर्शन बाळाला घडवायचं असेल तर सकाळी आठच्या आत, गर्दी व्हायच्या आधी. भंडारा उधळतात तिथं तिला नेऊच नका. हळदीची पूड श्वासात आणि डोळ्यांत जाते, आणि लाल झालेले डोळे ऊन लागल्यामुळं की भंडाऱ्यामुळं हे मग आम्हालाही ओळखणं कठीण होतं.

दिवसभर दूध जास्त वेळा पाजा. नेहमी तीन तासांनी घेत असेल तर दीड-दोन तासांनी छातीशी लावा. पाणी, सरबत, नारळपाणी, यातलं काहीही द्यायचं नाही. पाहुणी बाया हौसेनं चमचा पुढं करतात, त्यांना सरळ सांगा डॉक्टरनं बंद केलंय म्हणून, शिव्या मला पडू देत. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. ते भरून येण्यासाठी पाणी तुम्ही प्यायचं आहे. शू किती झाली यावर लक्ष ठेवा. एरवी दिवसातून सहा तरी ओली लंगोटं होतात. सहा तास एकही ओलं झालं नाही, किंवा शू गडद पिवळी आली, तर दूध कमी पडतंय असं धरा.

ती तापत आहे का हे तळहातानं तिच्या मानेमागं आणि छातीवर बघायचं. हातापायांवरून कळत नाही. मान गरम-चिकट, चेहरा लाल, श्वास भराभर, चिडचिड, आणि मग एकदम मरगळ, असा क्रम असतो. चिडचिड असते तोवर घरचा उपाय चालतो. सोप्यात आणा, कुंची-झबलं काढा, साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं अंग पुसा, पंखा लावा, छातीशी घ्या. बर्फ किंवा बर्फाचं पाणी नको. पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली पाहिजे. न सावरता मरगळ वाढली, दूध ओढेना, टाळू खोल गेली, उलट्या लागल्या, अंग तापून कोरडं पडलं किंवा झटका आला, तर दवाखाना. वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडीतही ओल्या फडक्यानं पुसत राहा.

आता बाटलीची वेळ. समजा बस मधेच बंद पडली, भर रस्त्यावर अकरा वाजता उभं राहायला लागलं, झाड नाही, छत्री नाही. अशा वेळी, सावली आणि कपड्यांनी झाकून उरलेल्या लहानशा भागावर थोडं सनस्क्रीन लावलेलं चालतं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते. तिथलंच औषध खातं सहा महिन्यांच्या आत डॉक्टरला विचारल्याशिवाय नको म्हणतं. मला विचाराल तर भाजण्यापेक्षा गालाला लावलेलं बरं. तर तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, असं समजा. लावायचं ते गाल, नाक, कपाळ, कानाची पाळी आणि पायाचा वरचा भाग उघडा असेल तर तेवढंच. पापण्यांना, ओठांना आणि हातांना नाही. हातांवर बाह्या ओढा.

किती, याचा हिशेब मी करून देते. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावलेलं असतं. पाच महिन्यांच्या बाळाचा चेहरा साधारण अडीचशे चौरस सेंटीमीटर धरला तर अर्धा ग्रॅम होतं, म्हणजे दोन वाटाण्यांएवढं. दोन पायांच्या वरच्या भागाला मिळून आणखी एक वाटाणा. बोटाच्या टोकावर ठिपका घेऊन तोच चेहराभर पसरलात तर ५० चं काम सोडाच, त्याच्या जवळपासही ते जात नाही. उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, आणि उन्हात राहायला लागलंच तर दोन तासांनी पुन्हा. सावलीत आल्यावर ओल्या फडक्यानं पुसून टाका. रात्री अंगाला तसंच ठेवून झोपवू नका, घाम अडकून पुरळ येतो.

पण नणंदेनं पाठवलेली बाटली त्यासाठी चालेल का, हे आज घरीच बघून ठेवा. बाटलीवर हसरं बाळ छापलेलं असणं पुरेसं नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. किरण अडवणारं द्रव्य झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईड असेल आणि दुसरं कुठलं नसेल तर ठीक. ही खनिजं कातडीवरच बसून किरण अडवतात, आत फारशी शिरत नाहीत, आणि लावल्यावर चेहरा पांढुरका दिसतो ती त्यांची खूण. ऑक्सिबेन्झोन किंवा अशीच बेन्झोनवाली नावं दिसली तर ती बाटली तुमच्या स्वतःच्या हातांना वापरा. फवारा किंवा पावडर असेल तर बाळाजवळ उडवूच नका, श्वासात जातं. सुवासिक असेल तर तेही नको. ३० आणि ५० यांत नणंदबाई म्हणतात तेवढा फरक नाही. नीट लावलं तर ३० वालं भाजणारे ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के. किमतीतला फरक बराच जास्त असतो.

बाटली चालण्यासारखी असली तरी यात्रेत पहिल्यांदा लावू नका. आज संध्याकाळी तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला वाटाण्याच्या अर्ध्याएवढं लावून बघा, उद्याही त्याच जागी लावा. दोन दिवसांत लाली, पुरळ किंवा खाज आली नाही तर बाटली पिशवीत.

एवढं करूनही कधी भाजली तर आपल्या कातडीवर ते चटकन कळत नाही. गोऱ्या बाळासारखी लाली दिसत नाही, जागा जरा गडद आणि हाताला गरम लागते, झबलं घालताना पोरगी कळवळते. आणि हे उन्हातून आल्या आल्या होत नाही, चार-सहा तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी वाढतं. म्हणून यात्रेहून आल्यावर रात्री अंघोळीच्या वेळी दिव्याच्या उजेडात गाल, कान, मान आणि पायाचा वरचा भाग बघा. वर्षाच्या आतलं बाळ भाजलं असेल तर फोड असो नसो, डॉक्टरला दाखवायचं. तोवर गार पाण्याच्या पट्ट्या. हळद, टूथपेस्ट, लोणी, कोरफड, काही लावायचं नाही, नाही तर जखम दिसत नाही. ताप किंवा वेदनेसाठी औषध द्यायचं ते तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरनं सांगितल्यावर, आणि ॲस्पिरिन कधीच नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर नियम एका रात्रीत बदलत नाही. सावली, वेळ आणि कुंची हे तेव्हाही आधीच. फक्त बसू-रांगू लागली की हातपाय उघडे पडतात आणि ती तुमच्या सावलीबाहेर सरकते, म्हणून तेव्हा उघड्या भागावर सनस्क्रीन लावायला मोकळीक मिळते. गोव्याला न्यायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, वाळूवरून आणि फेसावरूनही किरण उसळून येतात, छत्रीखालीही.

बाटलीवरची मुदत बघा आणि ती मोटारीत किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं बिघडते. यात्रेच्या पिशवीत बाटली खाली आणि दोन सुती झबली, एक कुंची, पाण्याची बाटली तुमच्यासाठी आणि एक स्वच्छ फडकं वर ठेवा. जायच्या आधी दंडावर काही उठलं तर मला कळवा.